शोधनिबंध नाकारला गेल्यावर : दाद मागायची, दुरुस्त करायचा की दुसरीकडे पाठवायचा?

शोधनिबंध जर्नलकडे पाठवल्यावर काही महिन्यांनी 'निबंध स्वीकारता येत नाही' असे पत्र येते. त्यानंतर लेखकापुढे तीन वाटा असतात. निर्णय चुकीचा आहे असे सांगून त्याच संपादकाकडे दाद मागता येते. निबंधात दुरुस्ती करून तो पुन्हा पाठवता येतो. किंवा दुसरे जर्नल निवडता येते. यातली कोणती वाट योग्य, हे पत्रात किती कडक शब्द वापरले आहेत यावर ठरत नाही. नकार नेमक्या कोणत्या कारणावर उभा आहे, ते कारण खरे आहे का, आणि खरे असेल तर ते दूर करणे लेखकाच्या हातात आहे का, या तीन प्रश्नांवर ते ठरते.

पालघर जिल्ह्यातील एक काल्पनिक उदाहरण घेऊन ही निवड कशी करायची ते पाहू.

नकाराची पत्रे एकसारखी नसतात

आधी पत्र कोणत्या प्रकारचे आहे ते ओळखावे लागते. पाठवल्यापासून काही दिवसांत किंवा दोन-तीन आठवड्यांत नकार आला आणि सोबत समीक्षकांचे अहवाल नसतील, तर तो संपादकाच्या टेबलावरचा नकार असतो. निबंध बाहेरच्या तज्ज्ञांकडे गेलेलाच नसतो. विषय जर्नलच्या कक्षेत बसत नाही किंवा त्या जर्नलच्या वाचकांना त्यात पुरेसे नवे नाही, असे संपादकाला वाटलेले असते.

दुसरा प्रकार समीक्षेनंतरच्या नकाराचा. त्यासोबत दोन किंवा तीन समीक्षकांचे अहवाल येतात. त्यातही शेवटची ओळ नीट वाचावी. 'सध्याच्या स्वरूपात स्वीकारता येत नाही, मात्र या त्रुटी दूर केल्यास नव्याने पाठवलेल्या निबंधाचा विचार करू' असे लिहिले असेल, तर दार उघडे आहे. असे काही लिहिलेले नसेल, तर तोच निबंध किरकोळ बदल करून त्याच जर्नलकडे नवा म्हणून पाठवू नये. जुनी नोंद जर्नलच्या प्रणालीत राहते आणि संपादकाला ती दिसते.

'मोठ्या दुरुस्त्या आवश्यक' असे पत्र म्हणजे नकार नव्हे. पहिल्या वाचनात अनेकांना तो नकारच वाटतो. अशा वेळी निबंध अजून त्या जर्नलकडेच असतो. लेखी मागे घेतल्याशिवाय तो दुसरीकडे पाठवला, तर एकाच वेळी दोन जर्नलकडे निबंध पाठवल्याचा ठपका येतो.

उदाहरण : बोईसरजवळच्या खाडीतला गाळ

समजा, मनोरला राहणाऱ्या आणि पालघरच्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या एका प्राध्यापिकेने बोईसर-तारापूर औद्योगिक वसाहतीजवळच्या एका खाडीतल्या गाळाचा अभ्यास केला. मे महिन्यात ओहोटीच्या वेळी आठ ठिकाणी जाऊन प्रत्येक ठिकाणचे तीन असे चोवीस नमुने घेतले. गाळ वाळवून, चाळून त्यातले क्रोमियम, तांबे, निकेल, जस्त आणि शिसे मोजले. मिळालेले आकडे जगभर वापरल्या जाणाऱ्या 'सरासरी शेल' खडकाच्या आकड्यांशी ताडून पाहिले. निष्कर्ष असा लिहिला : तांबे आणि जस्त नैसर्गिक प्रमाणाच्या तिप्पट आहे, म्हणजे खाडी कारखान्यांमुळे गंभीर प्रदूषित झाली आहे.

सागरी प्रदूषणावरच्या एका आंतरराष्ट्रीय जर्नलने साडेतीन महिन्यांनी निबंध नाकारला. दोन समीक्षकांचे मिळून सहा आक्षेप होते :

1. हा भाग दख्खनच्या बेसॉल्ट खडकाचा आहे. या खडकातच तांबे, निकेल, क्रोमियम जास्त असते. शेलशी तुलना केल्याने प्रदूषण फुगून दिसते.
2. बारीक चिकणगाळ धातू जास्त धरून ठेवतो, वाळू कमी. कणांच्या आकाराचा हा फरक हिशेबात घेतलेला नाही.
3. मोजमाप बरोबर असल्याचा पुरावा नाही. ज्यातले धातूंचे प्रमाण आधीच प्रमाणित आहे असा नमुना सोबत तपासलेला नाही.
4. फक्त एका ऋतूतले नमुने आहेत.
5. प्रत्येक ठिकाणचा एकच नमुना घेतला आहे.
6. विषय स्थानिक महत्त्वाचा आहे.

पाचवा आक्षेप साफ चुकीचा आहे. प्रत्येक ठिकाणचे तीन नमुने असल्याचे निबंधातल्या दुसऱ्या तक्त्यात लिहिलेले आहे. समीक्षकाने तक्ता पाहिलाच नाही, हे कळल्यावर राग येणे साहजिक आहे, आणि दाद मागण्याचा मोह इथेच होतो.

दाद कधी मागावी

दाद मागण्याची कसोटी सोपी आहे. समीक्षकाचे चुकीचे वाक्य अहवालातून खोडून टाकावे आणि उरलेला अहवाल पुन्हा वाचावा. नकार तरीही टिकतो का? टिकत असेल, तर दाद मागून उपयोग नाही.

या उदाहरणात पाचवा आक्षेप खोडला तरी बेसॉल्टचा आक्षेप जागेवरच राहतो, आणि संपादकाने आपल्या पत्रात भर दिला आहे तो त्याच आक्षेपावर. समीक्षकाची चूक सिद्ध होईल, पण निर्णय बदलणार नाही. शिवाय दादेचा निकाल लागेपर्यंत निबंध दुसरीकडे पाठवता येत नाही. त्यात काही आठवडे, कधी काही महिने जातात.

चित्र वेगळे असते तर? समजा, पहिले चार आक्षेप नसते आणि संपादकाने लिहिले असते की 'प्रत्येक ठिकाणचा एकच नमुना असल्याने निष्कर्ष ग्राह्य धरता येत नाहीत.' मग सगळा नकार एका चुकीच्या वाचनावर उभा असता. अशा वेळी दाद मागणे योग्यच आहे. समीक्षकाचा लेखकाशी हितसंबंधांचा संघर्ष असल्याचे दाखवता येत असेल, किंवा अहवाल भलत्याच निबंधाबद्दल असल्याचे दिसत असेल, तरीही ती मागावी.

'यात पुरेसे नवे नाही', 'आमच्या वाचकांना यात रस नाही' या कारणांवरची दाद सहसा फेटाळली जाते. ती संपादकाची निवड असते. आपल्या जर्नलमध्ये काय छापायचे हे ठरवण्याचा अधिकार त्याचाच असतो.

दादेचे पत्र एका पानात मावावे. आधी निबंधाचा क्रमांक आणि निर्णयाची तारीख. मग निर्णयाचे कारण संपादकाच्याच शब्दांत. मग पुरावा :

> 'प्रत्येक ठिकाणचा एकच नमुना घेतल्याचे निर्णयात म्हटले आहे. निबंधाच्या पान 6 वरील तक्ता 2 मध्ये आठही ठिकाणांच्या प्रत्येकी तीन नमुन्यांची मोजमापे आणि त्यांतील फरक दिलेला आहे. निर्णय मुख्यतः या मुद्द्यावर आधारलेला असल्याने निबंध दुसऱ्या समीक्षकाकडे पाठवण्याचा विचार व्हावा, ही विनंती.'

समीक्षकाच्या पात्रतेवर शेरे, लेखकाच्या पदव्या, किंवा बढती अडल्याची अडचण यांपैकी काहीही या पत्रात नसावे. अनेक जर्नल एका निबंधासाठी एकदाच दाद ऐकतात आणि तो निर्णय अंतिम मानतात. म्हणून अर्धवट पत्र घाईने पाठवू नये. दाद मागताना नवी मोजमापे जोडण्यातही अर्थ नसतो. पाठवलेल्या निबंधावरचा निर्णय चुकीचा होता की नाही, एवढेच तिथे पाहिले जाते. नव्या माहितीसह तो नवा निबंध ठरतो.

नकारानंतर संपादकाशी पुराव्याच्या आधारे बोलून निबंध छापला गेल्याचे एक गाजलेले उदाहरण आहे. इन्सुलिन टोचून घेणाऱ्या रुग्णांच्या रक्तात इन्सुलिनविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात, हे रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी दाखवले. 'सायन्स'ने त्यांचा निबंध नाकारला. 'जर्नल ऑफ क्लिनिकल इन्व्हेस्टिगेशन'नेही आधी नकारच दिला. अखेर शीर्षकातला 'प्रतिपिंड' हा शब्द काढून 'इन्सुलिन बांधून ठेवणारे ग्लोब्युलिन' अशा अर्थाचा शब्द घालण्याची तडजोड झाली आणि 1956 मध्ये निबंध प्रसिद्ध झाला. शीर्षकातला शब्द सोडला तरी त्यांनी शोध सोडला नाही. 1977 मध्ये यालोंना नोबेल मिळाले, तेव्हा त्यांनी आपल्या भाषणात ते नकाराचे पत्रच दाखवले.

आक्षेपांची वर्गवारी

दाद मागायची नाही असे ठरल्यावर अहवाल पुन्हा वाचावा, या वेळी कामाची यादी म्हणून. प्रत्येक आक्षेपासमोर तो कशाने दूर होईल ते लिहावे.

*लिहून दूर होणारे.* पाचवा आक्षेप चुकीचा असला तरी त्यातून एक गोष्ट कळते. तीन नमुन्यांची माहिती फक्त तक्त्यात होती, पद्धतीच्या परिच्छेदात नव्हती. एका समीक्षकाच्या नजरेतून जे सुटले ते पुढच्याच्याही नजरेतून सुटेल. एक वाक्य वाढवले की काम झाले.

*प्रयोगशाळेत दूर होणारे.* वाळवलेले नमुने पाकिटांत जपून ठेवलेले असतील, तर दुसरा आणि तिसरा आक्षेप काही आठवड्यांत निकाली निघतो. प्रमाणित नमुना विकत घेऊन त्याच पद्धतीने तपासायचा आणि अपेक्षित आकड्याच्या किती जवळ उत्तर येते ते द्यायचे. कणांच्या आकारासाठी त्याच नमुन्यांतले अ‍ॅल्युमिनियम मोजायचे आणि प्रत्येक धातूचे त्याच्याशी गुणोत्तर काढायचे. चिकणमातीत अ‍ॅल्युमिनियम जास्त असते, त्यामुळे वाळू आणि चिकणगाळ यांतला फरक बराचसा निघून जातो.

*पुन्हा खाडीवर जाऊन दूर होणारे.* पहिल्या आक्षेपासाठी स्थानिक मूळ प्रमाण हवे. त्याचा एक मार्ग म्हणजे गाळात नळी खोलवर खुपसून वसाहत येण्याआधीचे थर काढणे. पण ते थर खरोखर तितके जुने आहेत हे वेगळे सिद्ध करावे लागते. त्यापेक्षा, त्याच बेसॉल्टच्या प्रदेशातल्या पण कारखान्यांपासून दूर असलेल्या खाडीतला गाळ तपासणे सोपे आहे. चौथ्या आक्षेपासाठी पावसाळा संपल्यावर आणखी एक फेरी करावी लागेल. पावसाळ्यात खाडीला गोडे पाणी आणि नवा गाळ येतो, त्यामुळे मे महिन्याचे आकडे वर्षभराचे मानता येत नाहीत.

*दूर न होणारे.* सहावा आक्षेप कामाचा नाही, निवडीचा आहे. तो जर्नल बदलल्यानेच सुटतो.

ही वर्गवारी केली की कोणती वाट घ्यायची ते बहुतेक वेळा आपोआप स्पष्ट होते. इथे नकारपत्रात पुन्हा पाठवण्याचे आमंत्रण नाही, म्हणून त्याच जर्नलकडे जाता येत नाही. पण आहे तसा निबंध दुसरीकडे पाठवणेही बरोबर नाही. उत्तर आहे : दुरुस्त करायचा आणि मग जर्नल बदलायचे.

दुरुस्तीने निष्कर्ष बदलू शकतो

पहिला आक्षेप गंभीरपणे घेतल्यावर काय होते ते आकड्यांत पाहू. सरासरी शेलमध्ये एका किलोत तांबे 45 मिलिग्रॅम आणि जस्त 95 मिलिग्रॅम धरतात. खाडीच्या गाळात समजा तांबे 135 आणि जस्त 285 मिलिग्रॅम निघाले. शेलशी तुलना केली तर दोन्ही बरोबर तिप्पट.

आता दूरच्या, कारखाने नसलेल्या खाडीत तांबे 120 आणि जस्त 100 मिलिग्रॅम निघाले असे समजू. तांब्याचे गुणोत्तर 1.1 वर येते. म्हणजे ते तांबे जवळजवळ सगळे खडकातलेच होते. जस्त मात्र 2.85 पट उरते. खडकाचे कारण जस्ताला लागू होत नाही.

निबंध आता लहान झाला, पण भक्कम झाला. 'सर्व धातूंचे गंभीर प्रदूषण' या दाव्याच्या जागी 'जस्ताचे प्रमाण स्थानिक मूळ प्रमाणाच्या पावणेतीन पटींहून अधिक' असा दावा आला. 'कारखान्यांमुळे' हा शब्दही जपून वापरावा लागेल. वसाहतीच्या बाजूने खाडीच्या मुखाकडे जाताना जस्त कमी होत जाते असे दिसले तर दिशा कळते, पण ते कोणत्या कारखान्याचे हे कळत नाही.

या भागात हा फरक केवळ शास्त्रीय राहत नाही. तारापूरच्या औद्योगिक सांडपाण्याचा प्रश्न अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित लवादापुढे नेला होता. किनाऱ्यावरच्या मच्छीमार गावांची रोजीरोटी अशा प्रश्नांवर अवलंबून असते. तांब्याचा चुकीचा दावा असलेला निबंध छापून आला असता, तर प्रतिपक्षाच्या तज्ज्ञाने बेसॉल्टचा एक मुद्दा काढून जस्ताचा खरा दावाही संशयास्पद ठरवला असता.

आक्षेप न वाचता निबंध दुसरीकडे नेण्याचा धोका किती मोठ्या माणसालाही होता, हे आइन्स्टाइन यांच्या बाबतीत दिसते. गुरुत्वीय लहरी अस्तित्वातच नाहीत असे सांगणारा निबंध त्यांनी नेथन रोझेन यांच्यासह 1936 मध्ये 'फिजिकल रिव्ह्यू'कडे पाठवला. समीक्षकाने चूक दाखवली. आपला निबंध परस्पर दुसऱ्याला दाखवल्याबद्दल चिडून आइन्स्टाइन यांनी तो मागे घेतला आणि फ्रँकलिन इन्स्टिट्यूटच्या जर्नलला दिला. तो समीक्षक म्हणजे हॉवर्ड रॉबर्टसन. पुढे प्रिन्स्टनमध्ये रॉबर्टसन यांनी आइन्स्टाइन यांचे सहकारी इन्फेल्ड यांच्याशी चर्चा केली आणि तो मुद्दा वेगळ्या वाटेने आइन्स्टाइनपर्यंत पोहोचला. 1937 मध्ये निबंध छापला गेला तो निष्कर्ष बदलूनच.

उलट बाजूचे उदाहरण पीटर हिग्ज यांचे. 1964 मध्ये 'फिजिक्स लेटर्स'ने त्यांचा दुसरा निबंध नाकारला. हिग्ज यांनी आपल्या सिद्धांतातून नवा कण निघतो हे स्पष्ट करणारा मजकूर त्यात वाढवला आणि निबंध 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'कडे पाठवला. त्याच वर्षी तो प्रसिद्ध झाला. पुढे ज्या कणाला हिग्ज यांचे नाव मिळाले, त्याचा उल्लेख नकारानंतरच्या दुरुस्तीत आला होता.

पुढचे जर्नल कसे निवडावे

सर्वांत उपयोगी यादी लेखकाकडेच असते. निबंधाच्या शेवटच्या संदर्भसूचीत कोणत्या जर्नलचे नाव वारंवार येते ते पाहावे. मग त्या जर्नलचे गेल्या दोन वर्षांचे अंक चाळून एका खाडीवरचे किंवा एका नदीमुखावरचे निबंध त्यात येतात का ते तपासावे. येत असतील तर 'स्थानिक विषय' हा आक्षेप तिथे अडथळा ठरणार नाही.

विषय स्थानिक असणे हे मुळातच कमीपणाचे नाही. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचा लाल विंचवाच्या दंशावरचा अभ्यास 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये 2011 साली आला. रुग्ण फक्त 70 होते आणि सगळे कोकणातल्या एका छोट्या गावी उपचार घेतलेले. पण प्राझोसिन या औषधासोबत विंचवाची प्रतिलस दिल्याने रुग्ण लवकर बरा होतो का, हा प्रश्न विंचू असलेल्या प्रत्येक देशाचा होता. खाडीच्या निबंधातही 'बेसॉल्टच्या किनाऱ्यावर शेलशी तुलना केल्याने किती दिशाभूल होते' हा प्रश्न पुढे आणला, तर तो बोईसरपुरता राहत नाही.

मोठे प्रकाशक नकारासोबत कधी कधी आपल्याच दुसऱ्या जर्नलकडे निबंध वळवण्याची तयारी दाखवतात. त्याने फाइल पुन्हा भरण्याचे कष्ट वाचतात आणि अनेकदा समीक्षकांचे अहवालही सोबत जातात. पण 'हो' म्हणण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. त्या जर्नलमध्ये छापण्यासाठी लेखकाला शुल्क भरावे लागते का? आणि निबंध दुरुस्त करून पाठवण्याची मुभा आहे का? खुल्या प्रवेशाच्या जर्नलचे शुल्क लाखाच्या घरातही असू शकते.

नकारानंतर काही दिवसांतच 'चार दिवसांत समीक्षा, आठवड्यात प्रकाशन' अशी ईमेल येऊ लागतात. त्यांपासून दूर राहावे. अनेक प्राध्यापक पूर्वी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या केअर यादीत नाव आहे का एवढेच पाहत. ती यादी आयोगाने 2025 मध्ये बंद केली, त्यामुळे पारख आता लेखकाने आणि संस्थेनेच करायची आहे. संपादक मंडळातल्या एक-दोघांच्या विद्यापीठाच्या पानावर जाऊन त्या जर्नलचा उल्लेख आहे का ते पाहावे. शुल्काची रक्कम निबंध पाठवण्याआधीच जाहीर आहे का, आणि जुने अंक खरोखर उघडून वाचता येतात का, हेही तपासावे. बनावट जर्नलमध्ये एकदा छापून आलेला निबंध मागे घेणे फार कठीण असते, आणि तो तिथे असेपर्यंत चांगले जर्नल तो घेत नाही.

शेवटचा मुद्दा समीक्षकांचा. एखाद्या किनाऱ्यावरच्या गाळातल्या धातूंवर काम करणारे लोक थोडे असतात. दुसऱ्या जर्नलनेही निबंध त्याच समीक्षकाकडे पाठवला, असे नेहमी घडते. आपण महिन्यांपूर्वी दाखवलेली चूक तशीच पुढे आलेली पाहिली, तर त्याचा दुसरा अहवाल पहिल्यापेक्षा लहान आणि कडक असतो. दुरुस्त केलेला निबंध त्याच्यासमोर आला, तर बेसॉल्टचा मुद्दा सुटल्याचे तोच संपादकाला सांगतो.